दुमजली घराच्या भिंती: लाल वीट, फ्लाय ॲशची वीट की एएसी ब्लॉक?

घर बांधायला काढले की विटेचा दर नगावर सांगितला जातो: लाल वीट इतके रुपये, फ्लाय ॲशची इतके, ब्लॉक एक नग इतके. या तीन आकड्यांची तुलना करून काहीच कळत नाही. एका ब्लॉकच्या जागेत नऊ ते दहा विटा बसतात, दोन्हींच्या दर्जेत, म्हणजे सांध्यात, जाणारा माल वेगळा, भिंतीची जाडी वेगळी आणि गिलाव्याची जाडीही वेगळी. तुलना करायची ती गिलाव्यापर्यंत तयार झालेल्या एक चौरस फूट भिंतीची.

या लेखात एकच घर डोळ्यासमोर ठेवले आहे. बाहेरून ३० फूट बाय २० फूट, तळमजला आणि वर एक मजला, मजल्याची उंची १० फूट, बाहेरच्या भिंती जाड आणि आतल्या पातळ. पुणे, नाशिक, नगर भागात गुंठा-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर अशी घरे सर्रास दिसतात.

आधी सांगाडा ठरवा

वीट निवडण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर हवे: स्लॅबचे वजन कोण पेलणार? आरसीसीचे कॉलम आणि बीम पेलणार असतील तर भिंत फक्त जागा भरते, आणि तिन्ही प्रकार चालतात. भिंतीच स्लॅब पेलणार असतील, म्हणजे कॉलम नसलेले घर असेल, तर एएसी ब्लॉक यादीतून काढून टाका. आयएस २१८५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात घनमीटरला ५५१ ते ६५० किलो घनतेच्या पहिल्या प्रतीच्या एएसी ब्लॉकला ४ न्यूटन प्रति चौरस मिमी इतकी ताकद अपेक्षित आहे, दुसऱ्या प्रतीला ३. कागदावर एवढ्यात हिशोब बसवता येतो, पण बीमखालचा दाब, खिडकीच्या कडेचा दाब आणि गवंड्याने मारलेल्या चरी या सगळ्यांसाठी शिल्लक फार थोडी उरते. अशा घराला चांगली भाजलेली लाल वीट किंवा प्रयोगशाळेचा ७.५ ताकदीचा दाखला असलेली फ्लाय ॲशची वीट घ्यावी, आणि जोते, दारे-खिडक्यांवरचे लिंटेल व स्लॅबच्या पातळीला आयएस ४३२६ प्रमाणे आरसीसीचे सलग पट्टे द्यावेत. कोयनेच्या भूकंपप्रवण परिसरात तर या पट्ट्यांवर पैसे वाचवायचा विचारसुद्धा करू नये.

आमच्या उदाहरणातले घर आरसीसी सांगाड्याचे आहे. पुढचा सगळा हिशोब त्याच घराचा.

तीन वस्तू, तीन स्वभाव

लाल वीट म्हणजे भाजलेली माती. भट्टीतून निघाली की ती आणखी आक्रसत नाही. उलट कोरडी असेल तर मालातले पाणी शोषून घेते आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. म्हणून ती भिजवूनच लावतात.

फ्लाय ॲशची वीट भाजत नाहीत. औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यात पकडलेली राख, दगडाची भुकटी किंवा वाळू, आणि सिमेंट किंवा चुना-जिप्सम यांचे मिश्रण यंत्रात दाबून ती तयार होते आणि पाण्यावर पिकते. म्हणजे स्वभावाने ती छोटा काँक्रीटचा ठोकळा आहे. वाळताना ती थोडी आक्रसते, आणि कोवळी असेल तर जास्त आक्रसते.

एएसी ब्लॉकमध्ये राख किंवा वाळू, सिमेंट, चुना, जिप्सम आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड असते. पूड चुन्याशी मिसळली की हायड्रोजन वायू सुटतो आणि मिश्रण इडलीच्या पिठासारखे फुगते. मग तारेने कापलेले ब्लॉक ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भांड्यात दाबाखालच्या वाफेवर शिजवतात. शिजवण्याची ही पायरी महत्त्वाची, कारण तिच्यामुळेच ब्लॉक स्थिर होतो. कारखान्यातून निघताना त्यात बराच ओलावा असतो, तो हळूहळू बाहेर पडतो. त्यात वरून पाणी ओतले तर ब्लॉक आधी शोषतो आणि भिंतीत बसल्यावर वाळून आक्रसतो.

थोडक्यात लाल विटेला पाणी हवे, फ्लाय ॲशला बेताने हवे आणि एएसीला जवळजवळ नको. भिंतीला पडणाऱ्या बहुतेक तड्यांचे मूळ इथे असते. गवंडी आयुष्यभर लाल वीट लावत आलेला असतो आणि तीच पाइपची धार तो ब्लॉकच्या घोड्यावर, म्हणजे रचलेल्या चळतीवरही सोडतो.

गाडी उतरवण्याआधीची तपासणी

लाल विटेसाठी गाडीच्या वेगवेगळ्या थरांतून दहा-बारा विटा काढा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. बद आवाज आला तर वीट कच्ची किंवा आतून तडकलेली आहे. नखाने ओरखडा उठू नये. छातीच्या उंचीवरून मऊ जमिनीवर पाडली तर तुकडे होऊ नयेत. काळपट, वेडीवाकडी, काचेसारखी वितळलेली खंगर वीट ताकदीला चांगली असते, पण तिला माल धरत नाही. ती पायात, भरावात वापरा.

पाण्याची चाचणी घरच्या वजनकाट्यावर होते. उन्हात चांगली वाळलेली वीट तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. कोरडी २.९ किलो आणि भिजल्यावर ३.४ किलो भरली तर तिने अर्धा किलो, म्हणजे १७ टक्के पाणी घेतले. आयएस १०७७ प्रमाणे साध्या विटेला २० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. त्यापुढची वीट पावसाकडच्या भिंतीला नको.

काळ्या मातीच्या प्रदेशातल्या भट्ट्यांसाठी आणखी एक चाचणी आवश्यक आहे. या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, आणि भिंतीला पाणी लागल्यावर तो फुगून विटेचा कपचा उडवतो. गिलावा झाल्यावर काही महिन्यांनी रुपयाएवढे गोल फुगवटे येतात आणि पडले की मागे पांढरा ठिपका दिसतो, तो हाच. म्हणून भिजवलेल्या विटा दोन-तीन दिवस तशाच ठेवून बघा. कपचे उडत असतील तर ती भट्टी सोडा.

फ्लाय ॲशच्या विटेत पहिला प्रश्न वयाचा. कारखान्यात जाऊन विचारा की हा घोडा कोणत्या तारखेचा आहे. साध्या पाण्यावर पिकवलेली वीट किमान २८ दिवसांची असावी. मागणी वाढली की आठ-दहा दिवसांची वीट गाडीत चढते. अशी वीट हातात घेतली की कोपरे बोटाने चुरतात, तोडल्यावर आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद आणि ओलसर दिसतो. सिमेंट कमी घातलेली वीट पाण्यात २४ तास ठेवल्यावर कडेने मऊ पडते. राख-चुन्याच्या विटेसाठी आयएस १२८९४ आणि राख-सिमेंटच्या विटेसाठी आयएस १६७२० ही मानके आहेत. यापैकी एकाप्रमाणे काढलेला ताकदीचा अलीकडचा अहवाल मागा. तो देता येत नसेल तर दोन पैसे स्वस्त असूनही घेऊ नये.

एएसीच्या नावाखाली फसगत होते ती सीएलसी ब्लॉकने. तोही हलका, तोही सच्छिद्र, मापही तेच. पण तो फेसाचे काँक्रीट साच्यात ओतून पाण्यावर पिकवलेला असतो, वाफेच्या दाबात शिजवलेला नसतो, आणि तो एएसीपेक्षा बराच जास्त आक्रसतो. रंगाने तो सिमेंटसारखा करडा असतो, तर एएसी सहसा त्याहून फिकट. बिलावर ‘ऑटोक्लेव्ह’ हा शब्द आणि आयएस २१८५ भाग ३ लिहून घ्या. मग पाच-सहा ब्लॉक मोजा. लांबीत ५ मिमी आणि उंची-रुंदीत ३ मिमी फरकाला मानकात मुभा आहे, पण ३ मिमीच्या दर्जेत काम करायचे तर उंचीतला फरक त्याहून बराच कमी लागतो. ६०० बाय २०० बाय १५० मिमीचा ब्लॉक पूर्ण कोरडा असताना अकरा किलोच्या आसपास भरतो. तेरा-चौदा भरला तर तो ओला आहे. तो परत पाठवायची गरज नाही, पण छताखाली, फळ्यांवर रचून, आठ-पंधरा दिवस वारा लागू द्यावा.

हिशोब

आपल्या घराच्या बाहेरच्या भिंतींचा परिघ १०० फूट. कॉलमची जागा वजा जाता ९२ फूट, बीमखालची उंची साडेआठ फूट, त्यातून दारे-खिडक्या सुमारे १०० चौरस फूट काढल्या की मजल्याला ६८० चौरस फूट उरते. दोन मजल्यांचे १,३५० धरू, म्हणजे १२५ चौरस मीटर. आतल्या पातळ भिंती दोन्ही मजल्यांच्या मिळून ६०० चौरस फूट, म्हणजे ५६ चौरस मीटर.

लाल वीट २३० बाय ११० बाय ७० मिमीची आणि दर्ज १० मिमीची धरली तर नऊ इंची भिंतीत चौरस मीटरला १०४ विटा बसतात, अर्ध्या विटेच्या भिंतीत ५२. एकूण १५,९००, आणि भट्टीच्या विटेत दहा टक्के तूट धरून १७,५००. गावोगावच्या भट्टीचे माप वेगळे असते, तेव्हा दहा विटा ओळीने मांडून लांबी मोजा आणि सरासरी काढून हाच हिशोब पुन्हा करा. जाड भिंतीला सिमेंट-वाळूचा १:६ आणि पातळ भिंतीला १:४ माल धरला तर साधारण ४८ पोती सिमेंट आणि सव्वातीन ब्रास वाळू लागते.

फ्लाय ॲशची वीट ७५ मिमी जाडीची आणि कडा सरळ असलेली मिळते. ती सुमारे १५,६०० लागते, तूट धरून. माप एकसारखे असल्याने माल कमी जातो: ४२ पोती सिमेंट आणि तीन ब्रासहून थोडी कमी वाळू.

एएसीमध्ये बाहेर १५० मिमी आणि आत १०० मिमी जाडी घेऊ. चौरस मीटरला आठहून थोडे जास्त ब्लॉक बसतात. तूट धरून बाहेरचे १,०७५ आणि आतले ४८०, मिळून २५ घनमीटर. चिकटवण्यासाठी ब्लॉक ॲडहेसिव्हची ४० किलोची २२ पोती. शिवाय मधला आरसीसीचा पट्टा, त्याची सळई आणि सांध्यांवरची जाळी, जी दरपत्रकात कोणी दाखवत नाही.

आता फक्त पद्धत कळावी म्हणून दर समजा धरू: लाल वीट ९ रुपये, फ्लाय ॲश ७, एएसी घनमीटरला ४,०००, सिमेंट ३८० रुपये पोते, वाळू ५,५०० रुपये ब्रास, ॲडहेसिव्ह ४०० रुपये पोते. तुमच्या गावचे दर घालून आकडे बदला.

लाल वीट: १,५७,५०० विटांचे आणि ३६,००० मालाचे, मिळून सुमारे १ लाख ९४ हजार.
फ्लाय ॲश: १,०९,००० आणि ३२,०००, मिळून सुमारे १ लाख ४१ हजार.
एएसी: ब्लॉकचे १ लाख, ॲडहेसिव्हचे ८,८००, पट्टा-जाळीचे १५,००० धरून सुमारे १ लाख २४ हजार.

यात मजुरी आणि गिलावा नाही. एएसीला मजुरी चौरस फुटाला साधारण कमी पडते, कारण भिंत भराभर वर येते, आणि गिलावा १२ मिमीत भागतो. लाल विटेच्या एका बाजूचा उंचसखलपणा झाकायला तो १५ ते २० मिमी लागतो. पण बाहेर १५० ऐवजी २०० मिमीचा ब्लॉक घेतला की एएसीचा आकडा दीड लाखाच्या पुढे जातो आणि फ्लाय ॲश स्वस्त ठरते. गाडीभाड्यानेही पारडे फिरते. ब्लॉकचा कारखाना लांब आणि भट्टी गावातच असेल तर वरचा क्रम उलटाही होऊ शकतो.

वजन, ऊन आणि विक्रेत्याचे गणित

विटांच्या बांधकामाचे वजन घनमीटरला १,९२० किलो धरतात. त्या हिशोबाने आपल्या घरातल्या सगळ्या भिंती लाल विटेत सुमारे ६७ टन भरतात. फ्लाय ॲशमध्ये फार फरक पडत नाही. एएसीमध्ये, ओलावा आणि ॲडहेसिव्ह धरूनही, १७-१८ टन. म्हणजे पन्नास टनांचा फरक. हे खरे आहे. ‘त्यामुळे लोखंडात मोठी बचत होते’ हे मात्र दुमजली घरात अर्धेच खरे आहे. इतक्या छोट्या घरात कॉलमचे माप आणि सळई बरेचदा नियमातल्या किमान मर्यादेनेच ठरते. बचत होते ती मुख्यतः पायाच्या आकारात आणि बीमच्या सळईत, तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरने सुरुवातीलाच एएसीचे वजन धरून डिझाइन केले असेल तर. उलटी चूक जास्त धोक्याची आहे: डिझाइन एएसीचे आणि ऐनवेळी ब्लॉक मिळाले नाहीत म्हणून लाल विटा लावल्या. असा बदल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करायचा नाही.

उन्हाचे म्हणाल तर १५० मिमीची एएसी भिंत २३० मिमीच्या विटेच्या भिंतीपेक्षा साधारण दुपटीने उष्णता अडवते. पश्चिमेच्या खोलीत हा फरक संध्याकाळी जाणवतो. पण वरच्या मजल्यावर उष्णता प्रामुख्याने स्लॅबमधून येते, आणि तिथे भिंतीचा ब्लॉक काही करू शकत नाही. आवाजाच्या बाबतीत वजनदार वीटच बरी.

जागेचा फायदाही मोजून घ्या. २३० ऐवजी १५० मिमीची भिंत घेतली तर १०० फूट परिघावर मजल्याला पंचवीस चौरस फुटांच्या आसपास जागा आत मिळते. मात्र २३० मिमी रुंद कॉलमच्या कडा खोलीत ८० मिमी पुढे येतात. कपाटे आणि पलंग कुठे येणार हे आधी बघून कॉलम कपाटांच्या मागे जातील असे नकाशातच ठरवावे.

बांधकाम: लाल वीट आणि फ्लाय ॲश

लाल वीट हौदात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, मग काढून वरचे पाणी निथळू द्या. टपकणारी वीट मालावर तरंगते आणि ओळंब्यातून सरकते. खाच वरच्या बाजूला ठेवून लावायची, म्हणजे ती मालाने पूर्ण भरते. खाली केली तर आत पोकळी राहते. सांधेमोड, म्हणजे वरचा सांधा खालच्या सांध्यावर न येणे, प्रत्येक थरात पाहिजे. दिवसाला दीड मीटरपेक्षा जास्त उंची चढवू नये, खालचा ओला माल वजनाने दबतो. अर्ध्या विटेच्या भिंतीत दर मीटरभर उंचीला दोन सळया घातलेला पातळ पट्टा द्यावा. किमान सात दिवस पाणी मारावे, आणि तेही सकाळ-संध्याकाळ भिंत ओली राहील असे.

फ्लाय ॲशची वीट हौदात टाकायची नाही. लावण्याआधी नुसता शिडकावा पुरे. उन्हाळ्यात पृष्ठभाग तापलेला असेल तर थोडा जास्त. ही वीट गुळगुळीत असते आणि गिलाव्याला धरायला जागा नसते, म्हणून माल ओला असतानाच दर्जा १० मिमी खोल खरवडून ठेवाव्या. हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलले तर माल कडक होतो आणि मग ते कोणीच करत नाही. गिलावा पोकळ वाजण्याचे हेच सर्वांत मोठे कारण. बांधकामानंतर दोन आठवडे भिंत वाळून स्थिर होऊ द्यावी आणि मगच गिलाव्याला हात घालावा.

बांधकाम: एएसी

इथे प्रत्येक पायरीला कारण आहे, आणि एखादी गाळली की ती तड्यातून दिसते.

१. जोत्यावर, डीपीसी म्हणजे ओल रोखणाऱ्या थराच्या वर, पहिले एक-दोन थर विटांचे किंवा भरीव काँक्रीट ब्लॉकचे घ्या. फरशी धुतलेले पाणी स्कर्टिंगमागे मुरते, ते एएसीला लागू नये.

२. एएसीचा पहिला थर सिमेंट-वाळूच्या २० ते २५ मिमी जाड मालावर पातळीत बसवा. पुढचे सगळे थर ३ मिमी दर्जेचे असल्याने खालची चूक वर कुठेही भरून काढता येत नाही. याच थराला वेळ द्या, लेव्हल ट्यूबने चारही कोपरे मिळवा.

३. ब्लॉक भिजवायचा नाही. ओल्या ब्रशने धूळ पुसा, बस्स. ॲडहेसिव्ह बादलीत पोत्यावर छापलेल्या प्रमाणातच पाणी घालून ड्रिलच्या फिरकीने घोटा. तासाभरात संपेल एवढेच कालवा. घट्ट झाल्यावर वरून पाणी घालून पुन्हा पातळ केले तर ते धरत नाही. दातेरी थापीने आडव्या आणि उभ्या दोन्ही दर्जांत पसरा. उभी दर्ज कोरडी सोडायची सवय फार दिसते, आणि पावसाचे पाणी तिथूनच आत येते.

४. सांधा अर्ध्या ब्लॉकवर, निदान १५० मिमी तरी सरकलेला हवा. ब्लॉक करवतीने कापा, थापीने फोडू नका.

५. कॉलमला दर दोन-तीन थरांनी पट्टी किंवा सळईचा तुकडा बोल्टने लावून तो दर्जेत दाबा. कॉलम आणि ब्लॉक वेगवेगळ्या वेगाने आक्रसतात, त्यांना नुसते ॲडहेसिव्ह धरून ठेवू शकत नाही.

६. सव्वा मीटरच्या आसपास, खिडकीच्या सिलच्या पातळीला, १०० मिमी जाडीचा आरसीसी पट्टा ८ मिमीच्या दोन सळया घालून सलग फिरवा. चार मीटरहून लांब सलग भिंत असेल तर मध्ये उभा आरसीसी आधारही द्यावा.

७. बीमखाली शेवटचा थर ठोकून बसवायचा नाही. १० ते १५ मिमी फट ठेवा. वरच्या मजल्याचे वजन पडल्यावर बीम किंचित झुकतो, आणि भिंत गच्च असेल तर ते वजन तिच्यावर येते. म्हणून वरच्या मजल्याच्या भिंती झाल्यावर, निदान दोन आठवड्यांनी, ही फट पीयू फोमने किंवा पातळ सिमेंटच्या मालाने भरावी.

८. कॉलम-भिंत, बीम-भिंत आणि बुजवलेल्या प्रत्येक चरीवर दोन्ही बाजूंना १५० मिमी पुढे जाईल अशी गॅल्व्हनाइज्ड किंवा फायबरची जाळी खिळवा. गिलावा १:६ च्या जवळपास, १२ मिमी. १:३ किंवा १:४ चा कडक गिलावा ब्लॉकपेक्षा ताकदवान होतो आणि वाळताना ब्लॉकचा पापुद्रा घेऊनच सुटतो. ‘सिमेंट जास्त, काम पक्के’ हा ठोकताळा इथे उलटा पडतो.

ॲडहेसिव्हच्या भिंतीला बांधकामानंतर पाणी मारायचे नसते. पाणी फक्त गिलाव्याला. गवंडी ॲडहेसिव्हऐवजी साध्या मालात ब्लॉक लावायला तयार असतो, आणि ते चालतेही. पण मग ब्लॉकचा पृष्ठभाग ओलसर करावा लागतो, दर्ज १० मिमी होते, पाणी मारावे लागते आणि आक्रसणे वाढते. थोडक्यात, एएसीचे निम्मे फायदे निघून जातात.

तडा बघून कारण ओळखणे

कॉलमच्या कडेने सरळ उभी रेघ दिसली तर जाळी किंवा जोडपट्टी राहिली आहे. बीमखाली आडवी रेघ म्हणजे फट आधीच गच्च भरली, किंवा भरलीच नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेली तर लिंटेल भिंतीवर पुरेसे टेकलेले नाही, किंवा सिलला पट्टा नाही. ब्लॉकच्या भिंतीत लिंटेल दोन्ही बाजूंना २०० मिमी तरी टेकावे. लांब भिंतीच्या मधोमध ब्लॉक चिरत गेलेली उभी रेघ ओल्या ब्लॉकची किंवा कोवळ्या फ्लाय ॲशची. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे असतील तर दोष फक्त गिलाव्याचा आहे, सिमेंट जास्त झाले किंवा पाणी कमी पडले.

पायऱ्या-पायऱ्यांनी दर्जांतून चढत जाणारी भेग मात्र वेगळी. ती काळ्या मातीतल्या पायाची हालचाल असू शकते. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि एक पावसाळा बघा. खुणेच्या पुढे सरकली तर पुट्टी भरण्याआधी इंजिनिअरला बोलवा.

लाल विटेच्या भिंतीवर पांढरी पावडर आली तर तो लोणा, विटेतले किंवा वाळूतले क्षार. ओल्या कापडाने पुसत बसलात तर क्षार पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा, आणि आधी पाणी कुठून येते ते शोधा.

मग घ्यावे काय?

नागपूर, चंद्रपूर, भुसावळ, परळी, नाशिकजवळचे एकलहरे या वीज केंद्रांच्या आसपास राख सहज मिळते आणि चांगले कारखाने आहेत. तिथे आरसीसी घराला फ्लाय ॲश ही आमची पहिली निवड. गवंड्याला नवे काही शिकायचे नसते, दर कमी असतो आणि चूक झाली तरी ती आटोक्यात राहते. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे ब्लॉकचे कारागीर भरपूर आहेत आणि डिझाइन त्याच हिशोबाने झाले आहे, तिथे एएसी. पण गवंड्याने याआधी केलेले किमान एक घर, दोन पावसाळे झालेले, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नाही. लाल वीट गावात भट्टी जवळ असेल तेव्हा, भिंतींवर उभ्या राहणाऱ्या घराला आणि कोकणात घ्यावी. कोकणात पश्चिमेच्या भिंतीवर तीन-चार महिने सपकारे बसतात. तिथे एएसी वापरलाच तर २०० मिमी जाडी, बाहेरून दोन थरांचा गिलावा आणि खिडक्यांवर रुंद छज्जे हवेत. जांभा मिळतो तिथे चौथा पर्याय समोरच उभा असतो, तो या लेखाचा विषय नाही.

मिश्र बांधकामही करता येते. जोत्यापर्यंत आणि न्हाणीघर-संडासाच्या भिंतींना वीट, बाकी एएसी. फक्त दोन वस्तू जिथे भेटतात त्या सांध्यावर जाळी लागते, आणि एकाच सलग भिंतीत ‘ब्लॉक कमी पडले म्हणून चार थर विटांचे’ असे करायचे नाही.

शेवटी प्लंबर आणि वायरमन येतात. एएसीत चर छिन्नी-हातोडीने मारू देऊ नका, कटरने दोन रेघा मारून मधला भाग काढायला सांगा. उभी चर भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, म्हणजे १०० मिमीच्या भिंतीत ३३ मिमी. पाऊण इंची पाइप बसतो, ड्रेनेजचा बसत नाही, म्हणून त्याला वेगळी शाफ्ट ठेवा. आडवी लांब चर कुठल्याच पातळ भिंतीत नको. गीझर, बेसिन, एसीचे बाहेरचे युनिट आणि स्वयंपाकघरातली भिंतीवरची कपाटे कुठे येणार ते भिंत चढतानाच ठरवा, आणि तेवढ्या जागी ब्लॉकऐवजी काँक्रीटचा ठोकळा किंवा विटा बसवा. राहून गेले तर आरपार बोल्ट घालून मागे रुंद वॉशर लावावा लागतो. साधा प्लास्टिकचा गट्टू एएसीत फोटोफ्रेमपुरताच.